राख, चिंच आणि कढईतले इंद्रधनुष्य



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि सनावळ्या येतात. शाळेत मी सातवीपर्यंत तोच शिकले. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरही एक इतिहास ओळीने मांडलेला असतो. खाली कोपऱ्यात आजेसासूबाईंचे पितळी पातेले, वर सासूबाईंच्या लग्नातले स्टीलचे डबे, त्याच्यावर सुनेने आणलेली तीन थरांची कढई, आणि खुंटीला काळा नॉनस्टिक तवा. प्रत्येकाची घासण्याची रीत वेगळी आणि प्रत्येकाचे दुखणेही वेगळे. स्टीलच्या भांड्यात जांभळे-निळे रंग का उमटतात, करपलेले डाग कसे काढावेत आणि झिजलेला नॉनस्टिक तवा पुन्हा नीट होतो का, हे तीन प्रश्न आपल्या मंडळात हळदीकुंकवाच्या दिवशी हमखास निघतात. त्यांची उत्तरे या भांड्यांच्या इतिहासातच आहेत, म्हणून तोच थोडक्यात सांगते.

आपल्या आज्या-पणज्यांकडे भांडी घासायला दोन वस्तू होत्या, चुलीतली राख आणि चिंच. कोकणात चिंचेऐवजी आमसूल किंवा बिंबली असे, कुठे परसातली आंबुशीची पाने असत. राख कशासाठी आणि चिंच कशासाठी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तेलकट, तुपकट, करपलेले भांडे असले की राख घ्यायची, आणि पितळेवर काळपट-हिरवट कळा आली की चिंच. आजच्या रसायनशास्त्राने पाहिले तर यात पूर्ण अर्थ आहे. लाकडाच्या राखेत खार असतो आणि खार हा तुपातेलाचा वैरी. तो तेलाला धरतो आणि त्याचा साबणासारखा पदार्थ करून पाण्यात सोडतो. चिंच, आमसूल, बिंबली ही आंबट. धातूवर हवेने जो गंज किंवा कळा चढते ती आंबटाने विरते. म्हणजे करपल्याला खार आणि रंगाला आंबट. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तर या लेखातले निम्मे काम झाले.

पितळेचे आणखी एक दुखणे होते. आंबट आमटी किंवा ताक त्यात ठेवले की ते कळकत असे. तांब्याचा अंश अन्नात उतरे, चव बिघडे आणि पोटालाही ते बाधे. म्हणून आतून कल्हई लावावी लागे. माझ्या लहानपणीही आमच्या गावी कल्हईवाला येत असे. तो जमिनीत खड्डा करून भाता लावी, भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर निघाला की कथलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने चकचकीत पुसून काढी. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून ते इतक्या सहज पसरते. पण त्याच कारणाने रिकामे भांडे चुलीवर राहिले की कल्हई वितळून तिचे ओघळ होत. रिकामे भांडे विस्तवावर ठेवू नये हा आपल्या घरातला जुना दंडक तेव्हापासूनचा आहे. पुढे भांडी बदलली, तरी तो दंडक स्टीललाही लागू राहिला आणि नॉनस्टिकला तर त्याहून जास्त.

आता स्टीलकडे येते. इंग्लंडात शेफील्ड नावाचे शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा एक गृहस्थ पोलादाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्यासाठी टिकाऊ पोलाद शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. १९१३ साली त्याने लोखंडात शेकडा सुमारे १३ भाग क्रोमियम घालून एक पोलाद केले. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहण्याआधी तो आम्लाने थोडा खरवडवून घ्यावा लागे. या पोलादाला ते आम्ल लागेचना. त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग पडेना. बंदुकीसाठी काढलेले पोलाद सुरीसाठी जास्त उपयोगी आहे हे त्याच्या ध्यानात आले. जर्मनीत क्रुप यांच्या कारखान्यात त्याच सुमारास, १९१२ साली, क्रोमियमच्या जोडीला निकेल घातलेल्या पोलादाचे हक्क नोंदवले गेले होते. पुढे १९२४ साली शेफील्डलाच डॉ. हॅटफील्ड यांनी १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल हे प्रमाण ठरवले. आपल्या चांगल्या भांड्यांच्या बुडावर कधीकधी १८/८ असा आकडा कोरलेला दिसतो तो हाच.

या पोलादाला डाग का पडत नाही? त्यातल्या क्रोमियमला हवा लागली की त्याच्यावर एक अतिशय पातळ कवच तयार होते. कागदाच्या जाडीचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढे ते पातळ, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण ते घट्ट असते, आतल्या लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही, आणि ओरखडा पडला तरी हवेत ते आपोआप पुन्हा भरून येते. पितळेची कल्हई बाहेरून लावावी लागे, स्टील आपली कल्हई आपणच करते असे म्हणायला हरकत नाही.

कढईतले इंद्रधनुष्य या कवचातूनच येते. भांडे फार तापले की ते कवच जाड होऊ लागते. जाड म्हणजे फार नव्हे, पण प्रकाशाशी खेळण्याइतके. प्रकाशाचा काही भाग कवचाच्या वरच्या बाजूवरून परततो आणि काही खालच्या बाजूवरून. दोन्ही परतलेले किरण एकत्र आले की काही रंग एकमेकांना खोडतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे रंग दिसतात ते याच प्रकारचे. न्यूटनने १७०४ साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात या पातळ पापुद्र्यांच्या रंगांचा विचार केला आहे. आपल्याकडचा लोहार तर पुस्तक न वाचताही हे रंग वाचतो. विळ्याला पाणी देताना तापलेल्या पात्यावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा असे रंग क्रमाने चढतात, आणि हवा तो रंग आला की तो पाते पाण्यात बुडवतो. स्टीलच्या भांड्यातही क्रम हाच. फिकट पिवळा साधारण ३०० अंशांच्या आसपास येतो, निळा त्याच्या बराच वर. जास्त वेळ तापत राहिले तर कमी अंशांवरही रंग चढतो. फोडणीचे तेल याच्या पुष्कळ आधी धुरकटते. तेव्हा भांड्यात रंग आला याचा अर्थ ते रिकामे किंवा जवळजवळ कोरडे असताना मोठ्या आचेवर राहिले होते, इतकाच. त्यात विष नाही, स्टील हलके निघाले असेही नाही, आणि घासणारीचा हात वाईट असे तर मुळीच नाही.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. आमच्या शेजारी गेल्या वर्षी नवी सून आली. माहेरून तिने तीन थरांची स्टीलची कढई आणली. बाहेर स्टील, मध्ये ॲल्युमिनियम आणि आत पुन्हा स्टील अशी ती घडण असते. एके दिवशी गुळाचा शिरा करताना दारावर कोणी आले, तेवढ्यात शिरा बुडाला लागला. काळा थर सुटेना, म्हणून कोणीतरी सांगितले की कोरडीच तापव, जळून पडेल. तिने तशी तापवली. काळे तसेच राहिले, आणि वरच्या कडांना मोरपिशी, जांभळे, सोनेरी पट्टे उमटले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात तीस वर्षे स्टील आहे, असे रंग कधी पाहिले नाहीत. माल हलका दिला असणार." यात माहेरचा मान आला. सून रडवेली होऊन कढई घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, ही फेकून दुसरी आणू का? पैसे मी साठवलेत." मी म्हटले, "आधी बघू तरी. फेकायला काय, कधीही फेकता येईल."

प्रथम नखाची परीक्षा करावी. भांडे धुऊन कोरडे करून डागावरून नख फिरवा. नखाला काहीच लागले नाही, गुळगुळीत वाटले, तर तो तापाचा रंग. नखाला चढ लागला तर ते करपलेले अन्न किंवा तेलाची कीट. आणि नख खाली खचले, बारीक टोचल्यासारखा खळगा लागला, तर ते धातूलाच लागलेले भोक. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे, तिसऱ्यावर घरात नाही. त्या कढईत खाली चढ होता, वर नुसता रंग होता आणि खळगा कुठेच नव्हता. मग मला धीर आला.

आधी खार, मग आंबट, हा क्रम सोडू नये. करपलेल्या थराखाली आंबट पोचतच नाही, म्हणून काळे आधी काढायचे. कढईत काळा थर बुडून वर दोन बोटे राहील इतके, म्हणजे लिटरभर पाणी घातले. त्यात खाण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे टाकले आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळू दिले. पाणी चहासारखे तपकिरी होऊ लागले की समजावे, खार काम करतो आहे. मग गॅस बंद करून कोमट होईपर्यंत तसेच राहू दिले. गरम भांड्यात एकदम गार पाणी ओतू नये, त्याने बूड वाकडे होते. कोमट झाल्यावर लाकडी उलथण्याने हळूहळू सारले, तेव्हा निम्म्याहून जास्त थर सालीसारखा सुटला. पाणी बदलून तोच प्रकार पुन्हा एकदा केला. राहिलेल्या दोन-तीन ठिपक्यांवर सोड्याचे तीन भाग आणि पाण्याचा एक भाग असा दाट लेप लावून अर्धा तास ठेवला, आणि मऊ घासणीने स्टीलच्या रेघांच्या दिशेने चोळले. आडवे-तिडवे चोळले तर डाग जातो पण चरे राहतात, आणि पुढच्या वेळी अन्न त्याच चऱ्यांत धरते.

कढईच्या बाहेरून मधासारख्या रंगाचे चिकट डाग होते. ते करपलेले अन्न नव्हे. तेलाचे शिंतोडे वारंवार तापून त्यांचे घट्ट वार्निश झालेले असते. ते पाण्याने मुळीच जात नाही, पण त्याच सोड्याच्या लेपाने, थोडा जास्त वेळ देऊन, जाते. फार जुने असेल तर धुण्याचा सोडा वापरावा, तो खाण्याच्या सोड्याहून पुष्कळ कडक असतो. पण तेव्हा हातात रबरी मोजे घालावेत, आणि ॲल्युमिनियमच्या म्हणजे आपण जर्मनची म्हणतो त्या भांड्यांना तो कधी लावू नये. ती भांडी त्याने काळी पडतात आणि खाल्ली जातात.

आता कढई स्वच्छ धुतली आणि नुसते इंद्रधनुष्य उरले. सोड्याने ते हललेही नव्हते, उलट काळे गेल्यामुळे जास्तच खुलून दिसू लागले. सून म्हणाली, "काकू, हे तर वाढलं!" मी पांढऱ्या व्हिनेगरचे दोन मोठे चमचे आणि तितकेच कोमट पाणी घालून कढई गोल गोल फिरवली. कडांवर तेच पाणी फडक्याने लावले. दोन मिनिटांत सोनेरी पट्टा गेला, मग जांभळा. निळा थोडा हटून राहिला, त्याला अर्धे लिंबू कापून चोळले तेव्हा तोही फिका होऊन गेला. आंबटाने तो वाढलेला थर विरतो, आणि थर पातळ झाला की रंग आपोआप मावळतो. खालचे कवच हवेत पुन्हा जसे हवे तसे तयार होते. कढई साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसली. बुडाच्या बाहेरून, ज्योत लागते तिथे, एक निळसर वर्तुळ मात्र थोडे राहिले. ते राहू द्यावे, स्वयंपाकाला त्याची काही बाधा नाही. सासूबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "मग वहिनी, आमच्या तिसरीच्या पातेल्याचेही करून बघा की!" माहेरच्या मालाविषयी पुढे कोणी बोलले नाही.

येथे एक चूक पुष्कळजणींकडून होते ती सांगते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की भरपूर फेस येतो, आणि फेस पाहून वाटते की जोरात काम चालले आहे. खरे म्हणजे तो फेस दोघांच्या भांडणाचा असतो. खार आंबटाला मारतो, आंबट खाराला मारते, आणि मागे जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. दोन्ही वापरावीत, पण एकामागून एक, मध्ये भांडे धुऊन. भांड्यात विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ढगाळ डाग पडतात, तेही चुन्याचे असल्यामुळे आंबटानेच जातात.

निळा रंग फारच गडद असेल आणि लिंबाने हटत नसेल तर ऑक्झॅलिक ॲसिड असलेली घासण्याची पूड वापरतात. हिची कथा मला फार आवडली. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरी हॉफमन नावाच्या एका रसायनवाल्याच्या घरी रुबार्ब नावाची आंबट देठांची भाजी शिजवल्यावर भांडे लख्ख झालेले त्याला दिसले, असे सांगतात. त्या भाजीत हेच आम्ल असते. त्यावरून त्याने १८८२ साली पूड काढली, आणि ती आजही विकली जाते. आपल्या बिंबलीत आणि आंबुशीच्या पानांतही हेच आम्ल आहे. म्हणजे कोकणातली आजी बिंबली चिरडून पितळ घासत होती तेव्हा ती तेच करीत होती. पूड मात्र बिंबलीहून पुष्कळ कडक आणि पोटात गेल्यास विषारी आहे. मोजे घालून ओल्या भांड्यावर मिनिटभरच चोळावी, लगेच धुवावी, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

स्टीलचा खरा शत्रू रंग नव्हे, मीठ आहे. मिठातला क्षार त्या पातळ कवचाला एखाद्या जागी भोक पाडतो, आणि तिथून लोखंड आत आत खाल्ले जाते. नखाला लागणारे बारीक खळगे ते हेच. म्हणून गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू देऊ नये. पाणी उकळू लागल्यावर मीठ टाकून ढवळावे. लोणचे, आगळ किंवा मिठाचे पाणी स्टीलच्या भांड्यात दिवसेंदिवस ठेवू नये. आमसूल चोळून भांडे रात्रभर ठेवायचे असेल तर त्याला मीठ लावलेले नसावे. संडास धुण्याचे ॲसिड आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच तर भांड्यांच्या जवळही आणू नये. दोन्ही ते कवच खातात, आणि दोन्ही एकत्र झाली तर विषारी वायू सुटतो. खळगा एकदा पडला की घासून तो भरत नाही. भांडे वापरता येते, पण तिथे अन्न धरत राहते.

आता नॉनस्टिक. याचाही शोध दुसरेच काही शोधताना लागला. अमेरिकेत रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटासाठी नवा वायू तयार करीत होते. ६ एप्रिल १९३८ रोजी त्यांनी वायूची एक टाकी उघडली तर आतून काहीच येईना, पण वजन मात्र भरलेल्या टाकीचे. टाकी करवतीने कापली तेव्हा आत पांढरी, मेणासारखी गुळगुळीत पूड निघाली. तिला कशाचेच आम्ल लागेना आणि तिला काहीच चिकटेना. तिचे नाव पुढे टेफ्लॉन पडले. फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार हे गृहस्थ मासेमारीच्या सामानाला ती लावण्याचा प्रयत्न करीत होते. त्यांच्या पत्नी कोलेत यांनी म्हटले, गळाला लावण्यापेक्षा माझ्या तव्यांना लाव. १९५४ साली त्यांनी हक्क नोंदवले आणि १९५६ साली कारखाना काढला. आपल्याकडे १९६८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निर्लेप ही कंपनी निघाली, आणि कित्येक मराठी घरांत नॉनस्टिक तव्याचे नावच निर्लेप तवा पडले.

जिला काहीच चिकटत नाही ती वस्तू तव्याला तरी कशी चिकटते? यातच झिजलेल्या तव्याचे उत्तर आहे. कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा आधी वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने खरखरीत करतात, त्यावर धरून ठेवणारा पहिला थर देतात, वर आणखी थर देतात आणि भट्टीत ४०० अंशांच्या आसपास भाजतात. तेव्हा कुठे तो थर खरखरीत पत्र्यात रुतून बसतो. सगळे मिळून ते आपल्या केसाहूनही पातळ असते. एवढी तयारी आपल्या ओट्यावर होत नाही. म्हणून थर निघून खालचा पांढरा पत्रा दिसू लागला असेल तर तेल चोळून, दूध उकळून किंवा बाजारचा फवारा मारून तो परत येत नाही. तेल चोळल्याने दोन दिवस बरे वाटते, मग तेच तेल चिकट होऊन बसते.

पण प्रत्येक चिकटणारा तवा झिजलेला नसतो, आणि तो फेकण्याआधी ही परीक्षा जरूर करावी. तव्यात पाणी आणि खाण्याच्या सोड्याचे दोन चमचे घालून दहा मिनिटे मंद उकळा, कोमट झाल्यावर मऊ स्पंजाने पुसा, धुऊन वाळवा. मग गार तव्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे गोल राहिले तर थर शाबूत आहे, वर तेलाची कीट बसली होती ती निघाली. तवा आणखी काही वर्षे चालेल, फक्त त्याला लाकडी उलथणे लावा आणि आच मध्यमच्या वर नेऊ नका. थेंब पसरून पत्र्यावर निजले, किंवा चरे, पापुद्रे आणि उघडा पत्रा दिसला, तर त्याचे आयुष्य संपले. त्यावर पुन्हा स्वयंपाक करू नये.

यात भीती किती आणि कुठे, तेही नीट समजून घ्यावे. थराचा एखादा कण पोटात गेला तर तो बहुतेक तसाच बाहेर पडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. खरा धोका तापाचा आहे. २६० अंशांच्या वर तो थर बिघडू लागतो, आणि ३५० च्या पुढे त्यातून निघणारा धूर माणसाला तापासारखा आजार आणतो. पिंजऱ्यातले पोपट तर त्या धुराने मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर थोड्याच मिनिटांत तिथवर पोचतो. म्हणून स्टीलसारखा नॉनस्टिक तवा कोरडा तापवून जाळून काढू या, हा विचार मुळीच करू नये. हा थर तयार करताना पूर्वी जे एक सहायक रसायन वापरीत, त्याने अमेरिकेत कारखान्याजवळच्या गावांचे पिण्याचे पाणी बिघडले होते. जगातल्या अनेक देशांनी मिळून २०१९ साली त्याला आळा घालण्याचे ठरवले. तव्यावरच्या धोक्यापेक्षा ती गोष्ट कारखान्यातल्या आणि आसपासच्या लोकांच्या वाट्याला जास्त आली, हेही आपण विसरू नये.

माझ्या खुंटीवरचा तवा थेंबाच्या परीक्षेत नापास झाला. आता तो अंगणात तुळशीजवळ कुंडीखाली आहे, पाणी साचवायला. पोळ्यांसाठी मी लोखंडी तवा काढला. आजेसासूबाईंचे पितळी पातेले कल्हईवाल्याची वाट पाहत आहे. आमच्या भागात हल्ली तो क्वचितच येतो, कोणाकडे आला तर मला जरूर निरोप पाठवावा. स्टीलची भांडी मात्र आहेत तशी आहेत. ओट्याखाली सोड्याची बरणी एका बाजूला आणि व्हिनेगरची बाटली दुसऱ्या बाजूला ठेवली आहे, चुकूनही कोणी दोन्ही एकदम ओतू नये म्हणून.